एल्फ देखणे, ड्वार्फ दाढीवाले, ऑर्क हिरवे: हे साचे आले कुठून?

प्रश्न: "मी मराठीत फॅन्टसी कादंबरी लिहायला घेतलीये. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात, खेळलेल्या प्रत्येक गेममध्ये एल्फ उंच, देखणे आणि धनुष्यवाले, ड्वार्फ म्हणजे दाढी, दारू आणि कुऱ्हाड, आणि ऑर्क हिरवे नि अडाणी. सगळे एकसारखेच का दाखवतात? मुळात हे कुठल्या दंतकथांमधून आलं? आणि मी एल्फला सरळ 'यक्ष' म्हटलं तर चालेल का?"

थोडक्यात सांगायचं तर जुन्या दंतकथांमध्ये हे तीन वेगवेगळे वंश नव्हतेच. सगळी सरमिसळ होती. त्यांची वाटणी केली ऑक्सफर्डच्या एका भाषेच्या प्राध्यापकाने, मग एका गेमने त्या वाटणीला आकडे चिकटवले, आणि एकदा आकडे चिकटले की गोष्ट जागची हलत नाही. मी वीसेक वर्षं फासे टाकून खेळायचे रोल-प्लेइंग गेम चालवतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं गेमवाल्यांसाठी जगं लिहून देणं हेच पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हा साचा मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय, शिव्याही दिल्यात आणि डेडलाइन आली की निमूट वापरलाही आहे. मी ड्वार्फपासून सुरू करतो, कारण तिथे सगळं सगळ्यात स्वच्छ दिसतं.

उत्तर युरोपातल्या, म्हणजे नॉर्स लोकांच्या कथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः आइसलंडमधून, तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या पोथ्यांमधून. त्यातला मोठा भाग स्नोर्री स्टुर्लुसन नावाच्या गृहस्थाने 1220 च्या आसपास लिहून ठेवला. त्याच्याकडे एक गोष्ट आहे. लोकी हा खोडसाळ देव, त्याने थॉरच्या बायकोचे, सिफचे, केस कापून टाकले, उगीचच, मस्ती म्हणून. थॉर म्हणाला की आता तुझं एकेक हाड मोडतो. तेव्हा लोकीने शपथ घेतली की मी 'स्वार्तआल्फार' लोकांकडून सोन्याचे केस करून आणतो, जे खरोखर डोक्यावर वाढतील. स्वार्तआल्फार म्हणजे शब्दशः काळे एल्फ. आणि पुढच्याच वाक्यात लोकी गेला कुठे, तर इवाल्डीचे मुलगे म्हणवणाऱ्या *ड्वार्फ* लोकांकडे. बघा, एका परिच्छेदात, एकाच लेखकाच्या हातून, काळा एल्फ आणि ड्वार्फ हे एकच निघाले आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटलेलं नाही.

पुढची गोष्ट तर ड्वार्फ म्हणजे काय हे कळायला सगळ्यात भारी आहे. त्या इवाल्डीच्या पोरांनी केस केले, शिवाय एक घडी घालून खिशात ठेवता येईल असं जहाज आणि ओडिनचा भाला. लोकीला चढली. त्याने ब्रोक्क नावाच्या दुसऱ्या एका ड्वार्फशी स्वतःच्या डोक्याची पैज लावली की तुझा भाऊ असल्या तोडीच्या तीन वस्तू करूच शकत नाही. भाऊ कारागीर, ब्रोक्क भात्यावर. भावाने भट्टीत डुकराचं कातडं टाकलं, ब्रोक्कला सांगितलं की मी परत येईपर्यंत भाता थांबवायचा नाही, आणि तो बाहेर गेला. लगेच एक माशी आली आणि ब्रोक्कच्या हाताला चावली. (माशी म्हणजे लोकी, हे वाचणाऱ्याने ओळखायचं.) त्याने भाता थांबवला नाही, भट्टीतून सोन्याच्या केसांचा रानडुक्कर निघाला. मग सोनं टाकलं, माशी मानेला दुप्पट जोरात चावली, तरी तो हलला नाही, आणि बाहेर आली एक अंगठी, जिच्यातून दर नवव्या रात्री तसल्याच आठ अंगठ्या ठिबकतात. तिसऱ्यांदा लोखंड. या वेळी माशी दोन डोळ्यांच्या मध्ये बसली आणि पापण्यांना अशी चावली की रक्त डोळ्यांत उतरलं, दिसेना, तेव्हा ब्रोक्कने एक क्षण हात सोडून माशी झटकली. तेवढ्यात भाता बसला. भाऊ धावत आला आणि म्हणाला की थोडक्यात वाचलं. बाहेर निघाला तो थॉरचा हातोडा, फक्त त्याचा दांडा जरासा आखूड राहिला. देवांनी निकाल दिला की हातोडाच सगळ्यात भारी, म्हणजे लोकी हरला. ब्रोक्क डोकं मागायला आला तर लोकी म्हणतो, डोकं तुझं पण मान माझी, मानेला धक्का न लावता घे बघू. मग ब्रोक्कने काय करावं, त्याने लोकीचे ओठ शिवून टाकले.

आता या गोष्टीत दारू कुठाय? कुऱ्हाड कुठाय? दाढीचा उल्लेखसुद्धा नाही. आहे तो कारागीर, जो देवांनाही जमत नाही ते करून देतो, पण करार करतो आणि करार मोडलात तर सुई-दोरा घेऊन येतो. जुन्या ड्वार्फचं खरं लक्षण हे आहे. त्याच्याकडून वस्तू मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते. आंद्वारी नावाच्या दुसऱ्या ड्वार्फचं सोनं हिसकावून घेतलं तर त्याने त्या सोन्यालाच शाप दिला, आणि पुढे ते ज्याच्या ज्याच्या हाती गेलं त्याचं वाटोळं झालं. तिसरा एक आहे आल्विस, म्हणजे सर्वज्ञ, तो थॉरच्या मुलीला मागणी घालायला येतो. थॉर पहिलं काय विचारतो, तर तुझं नाक असं पांढरंफटक का, रात्री मढ्यांजवळ झोपला होतास का? मग त्याला प्रश्नावर प्रश्न विचारत बसवतो, पृथ्वीला कोण काय म्हणतं, ढगाला काय म्हणतं, वाऱ्याला काय, आणि हा शहाणा उत्साहाने उत्तरं देत बसतो तोवर उजाडतं, आणि ऊन लागलं की ड्वार्फचा खेळ खल्लास. फिकट, रात्री फिरणारा, मढ्यांच्या जवळचा, प्रचंड माहिती असलेला. हा आपल्या ओळखीचा बिअर ढोसणारा गडी नव्हेच. आणि बुटकेपणा म्हणाल तर जुन्या कवितांत त्यावर जोर नाही, एखाद्या ठिकाणी ओझरता येतो इतकंच.

मग दाढी, बुटकेपणा आणि खाण कुठून आली? जर्मनीतून. 1200 च्या आसपासच्या निबेलुंगांच्या महाकाव्यात खजिना राखणारा आल्बेरिश नावाचा ड्वार्फ आहे, आणि नायक सिगफ्रीड त्याला धरतो तो चक्क पांढऱ्या दाढीला धरून. पुढे सोळाव्या शतकात गेओर्ग आग्रिकोला, जो खाणकामावरचा मोठा तज्ज्ञ होता, तो खाणीत दिसणाऱ्या छोट्या बुटक्यांचं वर्णन करतो, की ते दोनेक फूट उंचीचे, खाणकामगारासारखे कपडे घातलेले, सारखे कामात असल्यासारखे दाखवतात पण करत काहीच नाहीत. खाणीतल्या लोकांसाठी ही करमणूक नव्हती. चांदीच्या खनिजासारखं दिसणारं एक खनिज सापडायचं, ते भट्टीत घातलं की चांदी तर मिळायची नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा आणि माणसं आजारी पडायची. ते म्हणायचे की चांदी कोबोल्ड नावाच्या भुताने चोरली आणि हे भलतंच ठेवून दिलं. त्या कोबोल्डवरून आजच्या कोबाल्ट धातूचं नाव पडलंय. म्हणजे तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत जो धातू आहे त्याचं नाव एका खाणीतल्या भुताचं आहे. असो.

तर तो आल्बेरिश लक्षात ठेवा, कारण त्याच्या नावाचा अर्थ आहे 'एल्फांचा राजा'. ड्वार्फ आहे, पण नाव एल्फांच्या राजाचं. हेच नाव फ्रेंचमध्ये गेलं तिथे 'ओबेरॉन'सारखं झालं, तेराव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात तो तीन फूट उंचीचा पण अतिशय देखणा असा परीराजा आहे, आणि तिथून तो शेक्सपियरच्या नाटकात पऱ्यांचा राजा ओबेरॉन म्हणून अवतरला. एकच नाव, जर्मनीत खजिन्यावर बसलेला दाढीवाला आणि इंग्लंडमध्ये चांदण्यात फिरणारा राजा. एल्फ आणि ड्वार्फ हे दोन जन्मजात वेगळे वंश आहेत असं ज्याला वाटतं त्याला मी नेहमी हे एक उदाहरण देतो.

आता एल्फकडे येऊ. जुन्या इंग्लंडात एल्फ म्हणजे काय हे कळायला महाकाव्य नको, वैद्याची वही बघा. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात अचानक उठणाऱ्या कळेवर उपाय दिलाय. फीव्हरफ्यू, लाल नेटल आणि प्लांटेन या तीन वनस्पती लोण्यात उकळायच्या, आणि वर मंत्र म्हणायचा, ज्यात रोग्याला सांगतात की तुला देवांचा बाण लागला असो, एल्फांचा लागला असो की चेटकिणींचा, मी तुला बरा करतो. आपल्याकडे ज्याला बाहेरचं झालंय म्हणतात, लागीर म्हणतात, अगदी तेच. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर आमच्या गावच्या विहिरीवरच्या आसरा आठवल्या, ज्यांच्या वाटेत दुपारी बारा वाजता जायचं नाही. एल्फ हा असला शेजारी होता, दिसत नाही, टाळता येत नाही, आणि त्याला राग आला की तुमच्या बरगडीत कळ येते. स्कॉटलंडमध्ये तर नंतरच्या काळापर्यंत शेतात सापडणारी अश्मयुगातली गारगोटीची बाणाची टोकं लोकांना एल्फांचे बाण वाटायची आणि ती चांदीत मढवून गळ्यात घालायचे. एल्फच्या हातात धनुष्य आलं ते याच बाणांमुळे असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण एल्फ आणि बाण हे दोन शब्द जवळ यायला निदान हजार वर्षं झालीत.

पण त्याच भाषेत 'एल्फसारखी देखणी' असाही एक शब्द होता, आणि तो वापरलाय कुणासाठी, तर बायबलमधल्या स्त्रियांसाठी, ज्यांचं रूप बघून पुरुषांची मती फिरते. स्नोर्रीही म्हणतो की उजेडाचे एल्फ सूर्याहून सुंदर. तर रूप पहिल्यापासून होतंच, पण ते भुरळ घालणारं रूप, घातक रूप. शेक्सपियरनंतर याच एल्फचं काय झालं, तर तो लहान लहान होत गेला, फुलात मावायला लागला, व्हिक्टोरियन लोकांनी त्याला फुलपाखराचे पंख लावले आणि मुलांच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवून टाकला.

जे. आर. आर. टॉल्किन याच्यावर चिडला. 1925 पासून तो ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, वर सांगितलेलं सगळं त्याचं रोजचं वाचन. त्याने एल्फला परत माणसाच्या उंचीचा केला, रूप ठेवलं, गाणं ठेवलं, अमरपण आणि जग सोडून जाण्याचं दुःख दिलं, आणि आजार, बाण, बाधा हे सगळं काढून टाकलं. म्हणजे भीती गेली. ही निवड त्याच्या कथेसाठी बरोबर होती, पण पुढच्या सगळ्यांनी तिलाच मूळ एल्फ समजून घेतलं. गंमत म्हणजे ज्या टोकदार कानांशिवाय आज एल्फ ओळखू येत नाही, त्यांचा त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कथेत कुठेही उल्लेख नाही.

ड्वार्फच्या बाबतीत तर त्याचं काम हातोहात पकडता येतं. जुन्या नॉर्स काव्यात मध्येच ड्वार्फांच्या नावांची एक लांबलचक यादी आहे. 1937 च्या 'द हॉबिट'मध्ये तेरा ड्वार्फ आहेत, त्यातल्या बारांची नावं थेट या यादीतली, फक्त बालिन तिथे नाही. आणि त्याच यादीत गांडाल्फ हेही नाव आहे. म्हणजे आपला म्हातारा जादूगार मुळात ड्वार्फांच्या यादीतला, आणि नावाचा अर्थ बघाल तर 'काठीवाला एल्फ'! पहिल्या मसुद्यात टॉल्किनने गांडाल्फ हे नाव ड्वार्फांच्या म्होरक्यालाच दिलं होतं, जादूगाराचं नाव वेगळंच होतं. मग बहुधा त्याला वाटलं असावं की ड्वार्फांच्या यादीत एल्फ काय करतोय, हा नक्की काठी घेऊन फिरणारा कुणी परका असणार, आणि तिथून जादूगार निघाला. एका जुन्या यादीतली सरमिसळ सोडवता सोडवता पात्र जन्माला आलं. आणि आल्विसची पहाटेपर्यंत बोलत ठेवायची युक्ती? तीही त्याने वाया घालवली नाही, फक्त ड्वार्फऐवजी तीन ट्रोलांवर वापरली.

ड्वार्फांची हरवलेली मायभूमी, परक्या देशात राहणं, बाहेर एक भाषा आणि घरात गुप्त दुसरी, हे मात्र नॉर्स नाही. टॉल्किनने स्वतःच एका पत्रात लिहिलंय की ड्वार्फ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ज्यू लोक येतात, आणि त्यांची भाषाही त्याने मुद्दाम सेमिटिक वळणाची केली. त्यात सोन्याचा हव्यास आधीपासून होता, तो तसाच राहिला, आणि ही जोडी युरोपात किती ओंगळ अर्थाने वापरली गेलीय हे सांगायला नको. त्याने स्वतः ज्यूद्वेषाविरुद्ध स्पष्ट लिहिलंय, तरी ही गाठ तिथे आहे आणि लिहिणाऱ्याला ती माहीत असलेली बरी.

ऑर्क सगळ्यात विचित्र, कारण त्याला दंतकथाच नाही. एक शब्द आहे, बस. एका जुन्या इंग्रजी शब्दसंग्रहात लॅटिन ऑर्कस, म्हणजे पाताळाचा देव, याचा अर्थ 'ऑर्क, राक्षस किंवा नरकातला सैतान' असा दिलाय. आणि बेओवुल्फ या काव्याच्या 112 व्या ओळीत केनच्या, म्हणजे पहिल्या खुन्याच्या, वंशजांची यादी आहे, ती अशी वाचतात: एओतेनास ओन्द इल्फे ओन्द ओर्कनेआस. राक्षस आणि एल्फ आणि ऑर्कनेआस, हे शेवटचे बहुधा उठून चालणारी मढी. परत वाचा. एल्फ आणि ऑर्क एका ओळीत, एका बापाचे, दोघंही तितकेच वाईट. टॉल्किनने ही ओळ वर्षानुवर्षं शिकवली आणि तिचे दोन तुकडे करून एक स्वर्गाकडे नेला आणि एक गटारात.

शब्दाला शरीर नव्हतं, ते बाहेरून आणावं लागलं. जमिनीखाली राहणारी कुरूप टोळी आली एका व्हिक्टोरियन परीकथेतल्या गॉब्लिनांवरून, 1872 ची, हे टॉल्किननेच मान्य केलंय. चेहरा कुठून आला हे जास्त अवघड आहे. 1958 च्या एका पत्रात तो ऑर्क कसे दिसतात ते सांगताना बसकं नाक, पिवळट कातडी, तिरपे डोळे असं लिहितो आणि मंगोल वळणाच्या चेहऱ्यांचं, युरोपियनांच्या नजरेला सगळ्यात नावडत्या चेहऱ्यांचं, विद्रूप रूप असं सरळ म्हणतो. आशियात बसून हे वाचताना जरा घास अडकतो. ऑर्कचा साचा दंतकथेतून आला नाही, तो त्या काळच्या युरोपियन माणसाच्या नजरेतून आला.

आणि एक कामाची गरज होती. मोठ्या युद्धकथेला असं सैन्य लागतं ज्यातली हजार माणसं मारली तरी नायकाला रात्री झोप लागते. टॉल्किन पडला कट्टर कॅथलिक, त्याच्या मते सैतान नवं काही निर्माण करू शकत नाही, फक्त बिघडवू शकतो, म्हणून ऑर्क हे बिघडवलेले एल्फ असं त्याने एकदा ठरवलं. मग प्रश्न आला की बिघडवलेल्याला सुधारता येईल की नाही, त्याला आत्मा आहे की नाही, आणि यावर तो म्हातारपणापर्यंत उत्तरं बदलत राहिला. पुस्तकात एक जागा आहे जिथे दोन ऑर्क गप्पा मारतायत, की हे युद्ध एकदा संपलं ना की चार विश्वासाची पोरं घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे वर साहेब लोक नसतील. ती दोन मिनिटं ऐकली की हे निव्वळ राक्षस आहेत असं म्हणवत नाही. नंतरच्या नकलाकारांनी नेमकी हीच जागा गाळली.

इथपर्यंतसुद्धा साचा मऊ होता. तो पक्का झाला टेबलावर. 1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला, आणि त्याची 1978 ची खेळाडूंची पुस्तिका उघडून बघा. एल्फ घेतलात तर चपळाई एकने जास्त, तब्येत एकने कमी, धनुष्य आणि तलवार चालवताना नेमात एक जादा. ड्वार्फ घेतलात तर तब्येत एक जास्त, लोकांवर छाप एक कमी, ऑर्क-गॉब्लिनांवर वार करताना एक जादा, आणि भुयारात जमीन किती उतरतेय हे ओळखण्याची ठरलेली टक्केवारी. हाफ-ऑर्कला ताकद आणि तब्येत जास्त, छाप दोनने कमी. शिवाय कोणाला कोण आवडत नाही याचा एक तक्ता, ज्यात ड्वार्फच्या ओळीत एल्फसमोर नावड आणि हाफ-ऑर्कसमोर द्वेष. टॉल्किनच्या कादंबरीतल्या दोन मित्रांच्या कुरबुरी, त्याही पुढे जिवाभावाची दोस्ती होणाऱ्या, त्या तक्त्यात गेल्या आणि कायमच्या जातीय वैर झाल्या. ड्वार्फ गिमली आणि एल्फ लेगोलासची दोस्ती तक्त्यात मावत नाही ना.

1981 च्या सोप्या आवृत्तीत तर अजून पुढे गेले. तिथे माणूस योद्धा होऊ शकतो, जादूगार होऊ शकतो, चोर होऊ शकतो, पण ड्वार्फ फक्त 'ड्वार्फ' होतो. जात हाच धंदा. मराठी वाचकाला यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

तिथून कॉम्प्युटर गेम आले, ज्यांना आकडेच लागतात, त्यांनी हे आकडे उचलले. हिरवा रंग 1980 च्या दशकात ब्रिटनमधल्या 'वॉरहॅमर'च्या रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांनी रुजवला, आणि 1994 मध्ये 'वॉरक्राफ्ट'ने तो जगभर नेला. जपानमध्ये मात्र ऑर्क डुकराच्या तोंडाचा असतो, कारण 1977 च्या राक्षसांच्या पुस्तकात चित्रकाराने तसं तोंड काढलं होतं. एक चित्र, आणि अख्ख्या देशाचा ऑर्क ठरला. त्याच पुस्तकात आपला राक्षसही आहे बरं का, रा-क्ष-स हाच शब्द, आणि तो कसा दाखवलाय तर वाघाचं डोकं, अंगात झुळझुळीत कोट आणि हातात पाईप. रामायणात रावणाला वाघाचं डोकं नव्हतं हे आज कुठल्या अमेरिकन खेळाडूला पटवून बघा. ड्वार्फचे स्कॉटिश उच्चार पण असेच, त्याला कुठल्याही दंतकथेचा आधार नाही, विसाव्या शतकाच्या मध्यावर एका अमेरिकन लेखकाने आपल्या ड्वार्फच्या तोंडी ती बोली घातली आणि गेम-सिनेमांनी ती पक्की केली.

आता हे का टिकतं म्हणाल, तर यात सगळा दोष आळसाचा नाही. शनिवारी रात्री साडेआठला माझ्या टेबलावर नवीन मुलगी येऊन बसते, बाकीचे चार जण वडापाव संपवून फासे हातात घेऊन वाट बघतायत, तिला पाच मिनिटांत पात्र हवंय. 'ड्वार्फ' म्हटलं की तिला लगेच आवाज कसा काढायचा, रागवायचं कशावर, हे कळतं. साचा हा शॉर्टकट आहे आणि तो चालतो. एकदा मी हौसेने जुन्या कथांतले ड्वार्फ आणले, फिकट, बिनदाढीचे, उन्हाला घाबरणारे, प्रत्येक वाक्यात अट घालणारे. तीन तास खेळाडू त्यांना व्हॅम्पायर समजून लसूण शोधत फिरले. चूक माझी होती, मी रूप बदललं पण त्यांच्याशी करार करून काय मिळतं हे आधी दाखवलंच नाही. पुढच्या वेळी मी पहिल्याच प्रसंगात एका ड्वार्फकडून तलवार करून घ्यायला लावली आणि किंमत म्हणून एका खेळाडूचं आजोळचं नाव मागितलं, म्हणजे ते नाव पुन्हा कधी उच्चारायचं नाही. दाढी आहे की नाही हे मग कुणी विचारलंच नाही.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'वाल्यांनीही आता हात आवरता घेतलाय, 2020 पासून जातीचे ते गुण हवे तिकडे फिरवायची मुभा दिली, 2024 च्या पुस्तकात 'वंश' हा शब्द काढून 'प्रजाती' आणला, हाफ-ऑर्क वगळला आणि ऑर्कच सरळ खेळायला दिला. माझ्या मते हे अर्धंच काम आहे, आकडे काढले तरी चित्र तेच राहतं, आणि आकड्यांच्या जागी काहीच न ठेवल्यामुळे आता एल्फ आणि ड्वार्फ म्हणजे वेगळ्या कानांची आणि वेगळ्या उंचीची माणसं एवढंच उरलंय. तुम्ही कादंबरी लिहिताय, तुम्हाला आकडे नकोतच. तुम्ही प्रत्येकाचं माणसाशी नातं काय ते ठरवा. ड्वार्फ म्हणजे ज्याच्याकडून मिळतं पण फेडावं लागतं. एल्फ म्हणजे देखणा शेजारी ज्याच्या वाटेत जायचं नाही. ऑर्कला जुनं नातंच नाही, त्यामुळे तो घ्यायचा असेल तर आधी तुमच्या कथेत कोणाला बिनदिक्कत मारायची सोय हवीये आणि का, हे स्वतःला विचारा, उत्तर आवडलं नाही तर ऑर्क घेऊच नका. कसोटी सोपी आहे: तुमच्या मसुद्यातलं 'एल्फ' खोडून 'सुंदर श्रीमंत माणूस' लिहा. परिच्छेद जसाच्या तसा चालला तर तिथे एल्फ नव्हताच.

आता यक्षाचं. मोह मलाही झाला होता. पण विचार करा, यक्ष काय करतो? कुबेराचं धन राखतो. तळ्याकाठी अडवतो आणि प्रश्न विचारतो, उत्तर न देता पाणी प्यायलात तर चार भाऊ आडवे. खजिना आणि प्रश्नोत्तरं, हा तर आल्बेरिश आणि आल्विसचा भाऊ झाला, म्हणजे ड्वार्फ. पण मग मेघदूतातला यक्ष आठवा, रामगिरीवर बसून ढगाकडे बघत बायकोसाठी झुरणारा, तो पुन्हा पक्का एल्फ. आणि झाडावरचा यक्ष लागतो, माणूस झपाटतो, म्हणजे परत तो लोण्यात पाला उकळणारा वैद्य आलाच. यक्षाचे अजून कोणी तुकडे केलेले नाहीत. त्याला एल्फचं भाषांतर म्हणून वापरलंत तर ते काम तुमच्या हातून होईल, त्यापेक्षा एल्फला एल्फ म्हणा, आणि यक्ष घ्यायचाच असेल तर धन, प्रश्न, विरह आणि झपाटणं या चारही गोष्टींसकट अख्खा घ्या.